आजीचा चष्मा आणि तीन फेऱ्या

इंदूरच्या एका प्रकाशिकेने बालकथांच्या पुस्तकासाठी एका स्वतंत्र चित्रकर्तीला मुखपृष्ठ सांगितले. झोपाळ्यावर नऊवारीतली आजी, शेजारी नात. चित्रकर्ती आधी संगणकाला शब्दांत वर्णन, म्हणजे प्रॉम्प्ट, देऊन चित्र तयार करते आणि शेवटचा हात स्वतः फिरवते, हे दोघींत ठरलेलेच होते. पहिले चित्र पसंत पडले. फक्त आजीचा चष्मा नको होता. पण नवे चित्र आले तेव्हा चष्मा जागेवर होता आणि आजीच बदलली होती! पुढच्या दोन्ही वेळी तेच. ‘एवढ्याशा बदलासाठी किती वाट पाहायची?’ प्रकाशिका वैतागली. तेव्हा चित्रकर्तीने तिला सविस्तर लिहिले:

‘मॅडम, तुमचा वैताग रास्त आहे. हे साधन जुने चित्र खोडून दुरुस्त करत नाही. दर वेळी ते रंगीत ठिपक्यांच्या गोंधळातून नवे चित्र घडवते. त्यामुळे वर्णनातला एक शब्द बदलला तरी चेहरा, झोपाळा, उजेड सगळेच हलते. त्या सुरुवातीच्या गोंधळाला एक क्रमांक असतो, त्याला सीड म्हणतात. तो कायम ठेवला तर चित्र पहिल्याच्या जवळपास येते, हुबेहूब नाही. शिवाय “चष्मा नको” असे लिहिले की “चष्मा” हा शब्द पकडला जातो आणि “नको” बऱ्याचदा सुटते.

म्हणून तीनच फेऱ्या ठेवू या. पहिल्या फेरीत मी चार कच्ची चित्रे पाठवीन. त्यांतून फक्त मांडणी निवडा, बारकावे पाहू नका. दुसऱ्या फेरीत सीड तोच ठेवून वर्णन बदलू. रंग, वेळ, कपडे याबद्दलच्या सगळ्या सूचना एकदमच द्या. तिसऱ्या फेरीत शब्दांनी पूर्ण चित्र बदलायचे नाही. बिघडलेला तुकडा झाकून तेवढाच नव्याने भरायचा. त्यानंतर जे उरेल ते मी हाताने रंगवीन. चौथी फेरी मागितलीत तर नाही म्हणणार नाही, पण तिचे पैसे वेगळे पडतील.’

प्रकाशिकेने पहिलेच चित्र पुन्हा निवडले. चित्रकर्तीने आजीच्या डोळ्यांभोवतीचा भाग झाकला आणि तिथल्या वर्णनात ‘सुरकुतलेले, हसरे डोळे’ एवढेच लिहिले. चष्मा गेला, चेहरा तोच राहिला. नऊवारीचा काष्टा मात्र त्या साधनाला जमला नव्हता आणि नातीच्या हाताला सहा बोटे होती. पुस्तकाचे नावही अक्षरांसारख्या दिसणाऱ्या रेघोट्यांत उमटले होते. या तिन्ही गोष्टी तिने हाताने केल्या.

त्या निरोपाच्या शेवटी तिने एक खूणही सांगितली होती. प्रत्येक फेरीनंतर सूचना कमी होत गेल्या पाहिजेत. दुसऱ्या फेरीनंतरही त्या पहिल्याइतक्याच असतील, तर शब्द बदलून उपयोग नाही. अशा वेळी काम थांबवून दहा मिनिटे फोनवर बोलावे आणि चित्रात नक्की काय हवे, ते आधी ठरवावे.