घामाचा जमाखर्च

मे महिन्याच्या उत्तरार्धात मुंबईत पाऊस पडलेला नसतो, परंतु हवेने त्याची सर्व पूर्वतयारी केलेली असते. अशा दिवसांत ज्याला कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे चामड्याचे बंद बूट घालून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वावरावे लागते, त्याच्या तळपायांची काय दुर्दशा होते याचा अनुभव मी वर्षानुवर्षे घेतला आहे. नागपुरास बदलीवर असताना चव्वेचाळीस अंशांच्या उन्हातही माझे पाय इतके चिंबत नसत, कारण तेथील शुष्क हवा बुटाच्या तोंडातून ओलावा ओढून नेई. मुंबईत हवाच बाष्पाने भरलेली, तेव्हा घामाने जावे कोठे? तो दिवसभर त्वचेपासून दूर साठवून ठेवावा आणि रात्री तेथून काढून टाकावा, एवढीच तजवीज आपल्या हाती उरते.

निखळ सुती मोजा उन्हाळ्यात सर्वांत हितकर, ही समजूत आमच्या घरात वेदवाक्यासारखी होती. कापूस पाणी भरपूर शोषतो हे निर्विवाद. पण शोषलेले पाणी तो सोडावयास तयार नसतो, आणि दुपारनंतर मोजा ढिला पडून टाचेखाली गोळा होतो व ओले कापड त्वचेशी घासू लागते. पातळ नायलॉनचा मोजा याच्या उलट टोकाचा: तो फारसे काही पितच नाही, म्हणून घाम पाय आणि मोजा यांच्यामध्ये चिकट थर करून बसतो. आश्चर्य वाटेल, पण मला मानवली ती लोकर, अर्थात अंगावरच्या स्वेटरची जाड लोकर नव्हे, तर मेरिनो मेंढीची बारीक लोकर; तिचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश बाष्प पोटात घेऊनही हाताला ओला लागत नाही. ती महाग असते आणि टाचेशी लवकर विरते, म्हणून तीत नायलॉनचा अंश असलेलाच मोजा घ्यावा. घाम वाहून नेणारे पॉलिएस्टरचे मोजेही चांगले, मात्र त्यांचा तंतू स्वतः पाणी पीत नाही, नुसते बाहेरच्या अंगाला पोहोचवतो. तेथे ते स्वीकारणारे कोणी नसेल तर सारा व्यवहार अडतो.

ते स्वीकारणारा म्हणजे सुखतळा. माझ्या बुटांतला मूळचा सुखतळा वरून रेक्झिनने मढवलेला होता, आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा तसाच उभा राही. दुकानात हीच परीक्षा करून मी टॉवेलसारखे सुती कापड वर असलेला, सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा सुखतळा निवडला; त्यावर थेंब क्षणात जिरला. त्याच्या फोमात कोळशाची पूड असल्याचा विक्रेत्याने मोठा गवगवा केला, परंतु कोळसा वासाला काही काळ आवर घालतो, पाण्याला नव्हे. तळपायाच्या ताज्या घामाला म्हणण्यासारखा वास नसतोच. ओल्या उबेत वाढणारे जिवाणू घामातील व त्वचेवरील द्रव्यांचे विघटन करतात तेव्हा तो उपजतो. जुना सुखतळा न काढता वर नवा घातल्यास बोटे वर दाबली जातात, म्हणून कोपऱ्यावरच्या मोच्याकडून रापीने तो सोडवून घेतला.

घरातल्या स्वयंपाकाच्या काट्यावर मी याचा जमाखर्चही मांडला. सुती मोज्यांचा जोड सकाळी ३८ ग्रॅम होता, संध्याकाळी ५१ भरला, आणि रेक्झिनच्या सुखतळ्यांत जेमतेम एका ग्रॅमची भर पडली. म्हणजे जवळजवळ सगळा ओलावा पायाला चिकटून राहिला होता. मेरिनोचा जोड ३६ वरून ४३ झाला, नवे सुखतळे ६४ वरून ७४. एकूण साठा वाढला, तरी पाय कोरडे वाटले, कारण अधिक भाग मोज्याखाली उतरला होता. रात्री सुखतळे बाहेर काढून पंख्याखाली उभे केले तर सकाळी ६५ भरत. बुटातच राहू दिले तर ७० च्या खाली येत नसत, आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवातच शिळ्या ओलीने होई. म्हणून आता दोन जोड आळीपाळीने वापरतो, आणि बूटही शक्यतो एक दिवसाआड.

या बंदोबस्ताची मर्यादा एकच. टाचेच्या किंवा चवड्याच्या पांढुरक्या, भिजल्यासारख्या त्वचेवर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसू लागले, तर तो जिवाणूंचा संसर्ग असण्याचा संभव असतो, आणि त्यावर सुखतळा बदलून भागत नाही, त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावे. एरवी माझे मत असे, की महागडे नवे बूट घेण्यापूर्वी शोषक सुखतळ्यांचे दोन जोड घ्यावेत, आणि जो दुकानदार थेंब टाकून पाहण्याची मुभा देत नाही त्याच्याकडून ते घेऊ नयेत.