खणातल्या वायरी

आमच्या दिवाणखान्यातील कपाटाचा सर्वांत खालचा खण गेली पंधरा वर्षे वायरींच्या मालकीचा होऊन बसला आहे. दर दिवाळीला आमच्या सौभाग्यवती तो खण ओढून बाहेर काढतात, ते काळे-पांढरे गुंतवळ आमच्यापुढे ठेवतात आणि विचारतात, "अहो, यातल्या टाकायच्या कोणत्या ते एकदा सांगून टाका." आम्ही दरवर्षी "असू द्या, लागतील," असे म्हणून वेळ मारून नेतो. कोणती वायर कशाची, हे आम्हांस ठाऊक नसते, हे त्यामागचे खरे कारण. गेल्या श्रावणात मात्र या अज्ञानाची किंमत आम्हांस मोजावी लागली.

आमच्या मातोश्रींचे वय अठ्ठ्याऐंशी. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीची मात्रा बदलावयाची होती, म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ दाब मोजून वहीत लिहावयास सांगितले. त्यासाठी आम्ही विजेवर भरणारे एक स्वस्तसे नवे यंत्र आणले. आठवडाभर ते नीट चालले आणि मग त्याच्या पडद्यावर अंधार पसरला. त्याला फोनसारखेच लांबट-गोल तोंड होते, ज्याला सगळे 'टाइप-सी' किंवा नुसते 'सी पिन' म्हणतात. आमच्या नव्या फोनची वायर त्यात अचूक बसली, पण दिवा काही लागला नाही. रात्रभर लावून ठेवले, तरी सकाळी पडदा तसाच काळा. त्याच वायरीवर फोन मात्र तासाभरात भरत होता. तेव्हा यंत्रच बिघडले, असा निष्कर्ष आम्ही काढला. वहीतली तीन दिवसांची पाने कोरी राहिली, आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांनी विचारले, "आकडे कुठे आहेत?"

दांडिया बाजारात फोन दुरुस्त करणारा एक तरुण आहे. यंत्र त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते उघडलेसुद्धा नाही. आपल्या पेटीतून एका टोकाला जुनी चपटी चौकोनी पिन आणि दुसऱ्या टोकाला सी पिन असलेली वायर काढली, जुनाट चार्जरला लावली, आणि आमच्या यंत्राचा दिवा लागला! "काका, मशीन चांगले आहे. तुमचा चार्जर याला ओळखत नाही, एवढेच," तो म्हणाला. चार्जरने ओळखावयाचे म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी आम्ही त्याच्या बाकावर चांगला अर्धा तास बसलो. त्यानंतर घरी येऊन बरेच वाचले. ते आता वाचकांपुढे ठेवतो.

प्रारंभ मायक्रो-यूएसबीपासून करावा लागतो. आपण जिला 'साधी पिन' म्हणत आलो ती हीच. एके काळी प्रत्येक कंपनीच्या फोनची पिन निराळी असे. २००९ साली युरोपियन आयोगाच्या पुढाकाराने मोठ्या फोन-कंपन्यांनी एक ऐच्छिक करार करून मायक्रो-यूएसबी ही समाईक पिन मान्य केली. पण त्या करारात एक पळवाट होती: फोनवर स्वतःचीच पिन ठेवून सोबत जोडतुकडा, म्हणजे ॲडॅप्टर, दिला तरी चालत असे. ॲपलने तेच केले, आणि २०१२ साली आयफोन ५ बरोबर 'लाइटनिंग' ही स्वतःची नवी पिन आणली. ती खरोखरच सुबक होती. उलट-सुलट कशीही घाला, बसे. शिवाय तिच्या वायरीत एक चिप असते. ती ओळख पटवून देते; न पटल्यास फोन पडद्यावर कुरकुर करतो. वायर बनवणाऱ्याला ॲपलची मान्यता घ्यावी लागे ती यासाठीच.

मायक्रो-यूएसबीची दुखणी आपण सर्वांनी सोसली आहेत. ती एकाच बाजूने बसे, आणि अंधारात ती बाजू हटकून चुकीची निघे. जबरदस्तीने घातली की फोनच्या आतली पातळ जीभ वाकत असे. तिचे संपर्क जास्तीत जास्त १.८ अँपियर प्रवाह सोसतात. ५ व्होल्टला तो प्रवाह म्हणजे ९ वॅट. फोनच्या बॅटऱ्या मोठ्या झाल्या तेव्हा कंपन्यांनी व्होल्ट वाढवून वेळ निभावून नेली, पण प्रत्येकीची रीत वेगळी, त्यामुळे एकीचा जलद चार्जर दुसरीच्या फोनला पुन्हा मंदच.

टाइप-सीची नियमावली ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. या पिनेत २४ संपर्क आहेत. ती दोन्ही बाजूंनी बसते, साधी वायरसुद्धा ३ अँपियर वाहून नेते, आणि २० व्होल्टपर्यंत चढून लॅपटॉपही भरता येतो. अँड्रॉइडचे फोन हळूहळू तिच्याकडे वळले. ॲपलला मात्र कायद्याने वळवले. २०२२ साली युरोपीय संघाने कायदा केला की २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकावयाच्या नव्या फोनला, वायरने भरत असेल तर, सी पिनच असली पाहिजे. ॲडॅप्टरची पळवाट या वेळी बंद होती. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ वर लाइटनिंग दिसली नाही. एका बाजारासाठी एक फोन आणि दुसऱ्यासाठी दुसरा, असे कोण बनवीत बसणार? म्हणून तो कायदा वडोदऱ्याच्या दुकानांतही पोहोचला.

आता आमच्या यंत्राकडे येतो. जुना चार्जर, म्हणजे ज्यात चपटी चौकोनी पिन जाते तो, दानशूर गृहस्थासारखा असतो. समोर कोण आहे हे न विचारता तो ५ व्होल्ट सतत ओतत राहतो. सी तोंडाचा चार्जर तसा नाही. भिंतीला लावला तरी त्याच्या तोंडाशी वीज नसते. पिनेतील एका विशिष्ट संपर्कावर तो टकटक करतो आणि पलीकडून ५.१ किलोओहमचा रोधक लागला तरच समजतो की कोणी घेणारा आहे. मग वीज सोडतो. हे रोधक यंत्राच्या आत सी तोंडामागे बसवावयाचे असतात, तेही दोन, कारण पिन उलटी बसली तर संपर्क बदलतो. दोन्हींची मिळून किंमत काही पैसे. आमच्या यंत्राच्या कारखानदाराने तेवढेच पैसे वाचवले होते. तोंड नवे बसवले, आतली व्यवस्था जुनीच ठेवली. त्यामुळे नवा चार्जर टकटक करीत राही आणि आतून कोणीच 'ओ' देत नसे.

असे दुखणे ओळखणे अवघड नाही. वस्तू दोन्ही टोकांना सी असलेल्या वायरीवर भरत नसेल, पण एका टोकाला चौकोनी पिन असलेल्या वायरीवर भरत असेल, तर तिच्यात रोधक नाहीत असे समजावे. एकाच बाजूने घातली तर भरते आणि उलटी घातली की नाही, असे झाले तर दोनांपैकी एकच रोधक आहे किंवा एक संपर्क तुटला आहे. आणि फोनच त्रास देऊ लागला, तर दुकानात जाण्यापूर्वी त्याच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकून पाहावे. खिशातील कापसाचे तंतू तळाशी दाबून बसतात आणि पिन पुरती आत जात नाही. फोन बंद करून लाकडी काडीने ते हलकेच काढावेत. टाचणी मात्र घालू नये.

ज्या घरांत आता फक्त सी तोंडाचेच चार्जर उरले आहेत, त्यांनी काय करावे? नव्या फोनच्या डब्यात चार्जर नसणे हल्ली सर्रास झाले आहे, तेव्हा हा प्रश्न पुष्कळांना पडेल. त्यासाठी एक लहान जोडतुकडा मिळतो: त्याच्या एका बाजूस सी पिन, दुसऱ्या बाजूस जुन्या चौकोनी पिनेसाठी खाच. पेन ड्राइव्ह फोनला लावावयास जो वापरतात तोच हा. त्याच्या सी पिनेत तो ५.१ किलोओहमचा रोधक असतो. तो चार्जरला लावला की चार्जर फसतो, म्हणजे खरे तर त्याची योग्य समजूत पटते, आणि वीज सुरू होते. पुढे चौकोनी-ते-सी वायर जोडावी. आमचे यंत्र आता असेच भरते.

साध्या पिनेच्या जुन्या वस्तूंसाठी, म्हणजे वाचनयंत्रे, लहान रेडिओ, जुने फोन यांसाठी, एका टोकाला सी आणि दुसऱ्या टोकाला मायक्रो पिन असलेली वायर घ्यावी. रोधक तिच्या सी टोकातच असतो, त्यामुळे नव्या चार्जरवर ती विनातक्रार चालते. जुन्या मायक्रो वायरीवर नवा फोन भरावयाचा असेल तर मागे मायक्रोची खाच आणि पुढे सी पिन असा टिकलीएवढा तुकडा मिळतो. तो मंद भरतो, पण अडीनडीला पुरतो. जुन्या आयफोनला सी-ते-लाइटनिंग वायर लागते, आणि आयफोन ८ पासून पुढचे फोन तिच्यावर अधिक वेगाने भरतात. ती मात्र मान्यताप्राप्तच घ्यावी.

एका तुकड्याविषयी सावध करणे आवश्यक वाटते. पुढे जुनी चौकोनी पिन आणि मागे सीची खाच, असा ॲडॅप्टर बाजारात सर्रास मिळतो, क्वचित सामानाबरोबर फुकटही येतो. यूएसबीच्या नियमावलीत त्याला स्थान नाही. त्याच्या खाचेत वीज विचारल्यावाचून येते आणि दोन वीज देणारी उपकरणे समोरासमोर जोडली जाण्याचा धोका राहतो. चौकोनी-ते-सी वायरीतही ५६ किलोओहमचा रोधक असावा लागतो; फोनला तो सांगतो की पलीकडचा चार्जर जुना आहे, बेताने घे. स्वस्त वायरींत त्याऐवजी १० किलोओहमचा बसवलेला आढळला आहे. मग फोन ३ अँपियर ओढू पाहतो आणि बिचारा जुना चार्जर तापतो. गूगलमधील अभियंता बेन्सन लेऊंग २०१५ पासून अशा वायरी विकत घेऊन तपासत असत. फेब्रुवारी २०१६ मध्ये आतले तारजोड उलटे केलेल्या एका वायरीने त्यांचा संगणकच निकामी केला. चार्जर किंवा पिन हातास चटका लागण्याइतकी तापली तर ती वायर त्या क्षणी दूर करावी.

त्या रविवारी आम्ही खण जमिनीवर पालथा केला. सौभाग्यवतींनी दोरा आणि कागदाच्या चिठ्ठ्या आणल्या. सतरा वायरी निघाल्या, त्यांतील आठ ठेवल्या. रक्तदाबाच्या यंत्राची वायर आणि तिचा तुकडा लाल दोऱ्याने एकत्र बांधून वहीजवळच ठेवला आहे. मातोश्रींचा दाब दुसऱ्या दिवशी सकाळी १४८ वर ८२ निघाला. डॉक्टरांनी कोरी पाने पाहिली, काही बोलले नाहीत, आणि पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावयास सांगितले.