‘देवदूत’ खोडलं

2017 च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी डोक्यावर गेली होती. त्या उंच पऱ्हाटीत शिरून फवारा मारायचा, म्हणजे औषध पिकावर कमी आणि माणसाच्या तोंडा-छातीवर जास्त. जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले होते. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावचा, माझ्या घरासमोरचा एक शेतकरी त्यांतच होता. तो वाचला आणि दिवाळीच्या तोंडावर सुटी होऊन घरी आला.

त्याचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. तेव्हा तो बारावीला होता. एका संध्याकाळी वही घेऊन आला. “गुरुजी, फ्लेक्स लावायचा आहे चौकात. मजकूर तपासून द्या.” मजकूर असा होता : ‘देवदूतासारखे धावून येऊन आमच्या वडिलांचे प्राण वाचवणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात व्यक्तींचे मनःपूर्वक आभार.’ खाली घरच्या सगळ्यांची नावं.

ज्ञात-अज्ञात! आमच्याकडच्या प्रत्येक आभारप्रदर्शनात ही जोडी असते. मी स्वतः शाळेत वर्षानुवर्षं आभार मानले आहेत, त्यामुळे तिची सोय मला चांगली ठाऊक आहे. कोणाचं नाव राहिलं तरी तो ‘अज्ञात’मध्ये बसतो आणि रुसत नाही. पण इथे अज्ञात कोणीच नव्हतं. मी पोराला विचारलं, “चौकात उभा राहून हे वाचणाऱ्या माणसाला काय कळेल? उद्या त्याच्या वावरात कोणी पडला तर त्यानं काय करायचं?” तो म्हणाला, “काहीच नाही कळणार.” मग फ्लेक्स राहिला आणि आम्ही पत्रं लिहायला बसलो.

आधी घडलं ते क्रमानं लिहून काढलं. दुपारी फवारता फवारता त्याला गरगरलं, तो उलटी करून धुऱ्यावर बसला. शेजारच्या वावरात निंदण करणाऱ्या बायांपैकी एक धावत आली. तिनं त्याचा ओला शर्ट काढला, बनियन काढलं आणि ड्रममधल्या पाण्यानं, जेवणाच्या डब्याबरोबर आणलेल्या साबणाच्या तुकड्यानं त्याला धुतलं. पुतण्या धुऱ्यावर पडलेली औषधाची बाटली पिशवीत घालून गाडीत बसला. गाडीवाल्यानं त्याला मागच्या सीटवर कुशीवर निजवायला लावलं. पुढे दवाखाना, अ‍ॅट्रोपिन, सलाईन आणि रात्री.

या प्रत्येक गोष्टीनं काय साधलं, हे मात्र आम्हाला सांगता येत नव्हतं. अंदाजानं लिहिलं की पुन्हा ‘प्राण वाचवले’वरच गाडी येते. म्हणून फेरतपासणीच्या दिवशी मी मुलाबरोबर यवतमाळला गेलो आणि गर्दी ओसरल्यावर वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांना विचारलं. ते थकलेले होते, पण प्रश्न त्यांना आवडला असावा. म्हणाले, “कोणामुळे वाचला ते मी सांगू शकत नाही. कशानं काय झालं, ते सांगतो.”

त्यांनी सांगितलं ते असं. बाटलीत प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचं मिश्रण होतं. यातलं प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट कातडीतूनही शरीरात जातं. अंगावर ओला शर्ट राहिला की तो विष पाजतच राहतो. माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत मात्रा वाढत जाते. शर्ट काढून साबणानं धुतलं की ती आवक थांबते. आत गेलेलं विष मात्र धुतल्यानं निघत नाही. आत गेल्यावर ते शरीरातल्या एका एन्झाइमला पकडून बसतं, मग लाळ, घाम, उलट्या सुरू होतात, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर लागते. अ‍ॅट्रोपिन ही घरघर उतरवतं आणि छाती मोकळी होईपर्यंत ते वाढवत न्यावं लागतं. दुसरं औषध, ज्याला वॉर्डात सगळे ‘पाम’ म्हणतात, ते एन्झाइमवरची पकड सोडवतं, पण लवकर दिलं तरच. वेळ गेला की पकड पक्की होते.

“मग बाटलीचा काय उपयोग झाला?” मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “लक्षणं पाहून आम्ही अ‍ॅट्रोपिन सुरू केलंच असतं. पण त्या दिवसांत लोक काय काय एकत्र करून मारत होते! डायफेन्थियुरॉनसारख्या औषधावर नेमका उतारा नाही, तिथे पामचा उपयोग नाही. नातेवाईक सांगायचे, ‘हिरव्या झाकणाचं औषध’. तुमच्या पोरानं बाटली टेबलावर ठेवली, लेबलवर नाव होतं, तो प्रश्न तिथेच मिटला.”

परतीच्या एसटीत पोरानं पुतण्यासाठीचं पत्र तोंडीच जुळवलं. पुतण्या दहावीचा, त्याला घरात कोणी मोजतही नव्हतं. वडिलांना घरात सगळे ‘भाऊ’ म्हणतात, तेच पत्रातही ठेवलं. पत्र असं झालं : ‘सगळे भाऊला उचलायला धावले तेव्हा तू बाटली उचललीस. डॉक्टरांनी कोणतं औषध विचारलं आणि तू ती समोर ठेवलीस. कोणतं विष आहे हे शोधण्यात त्यांचा वेळ गेला नाही.’ मुलाला पुढे ‘त्यामुळे भाऊ आज आपल्यात आहेत’ असं हवं होतं. मी ते काढायला लावलं, कारण डॉक्टरांनी तसं म्हटलं नव्हतं. जेवढं खरं आहे तेवढंच लिहिलं, तर ते पुतण्यालाही मानता येतं. त्यापलीकडचं वाक्य वाचून माणूस ओशाळतो आणि ‘अहो, मी काय केलं’ म्हणून सगळंच झटकून टाकतो.

निंदणाऱ्या बाईचं पत्र सगळ्यांत लांब झालं. तिला वाचता येत नाही, म्हणून तिची मुलगी वाचणार हे धरून वाक्यं छोटी ठेवली : ‘काकू, तुम्ही भाऊचा शर्ट काढला. साबणानं मान, छाती, हात, काखा धुतल्या. डॉक्टर म्हणाले, ओल्या कपड्यातून विष अंगात जात राहतं. तुम्ही ते तिथेच थांबवलं. गाडीत बसेपर्यंत नवीन विष आत गेलं नाही.’ मुलीनं ते ओट्यावर मोठ्यानं वाचलं, तेव्हा आजूबाजूच्या चार बाया ऐकत होत्या. काकू म्हणाल्या, “म्या तं घाण वास येत होता म्हून धुतलं जी. मले काय ठाऊक विषाचं!” त्यांना ठाऊक नव्हतं हे मी पत्रात घातलं नाही. केलं ते केलंच होतं. पण एका बाईनं लगेच विचारलं, “अन् काकू, तुमच्या हाताले काही झालं नाही?” तेव्हा कळलं की त्यांचे हात दोन दिवस चुरचुरत होते. पत्राच्या दुसऱ्या प्रतीत आम्ही शेवटी एक ओळ वाढवली : हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून धुवावं. ती प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली, काकूंना विचारून.

दवाखान्यातल्या एका नर्सचं पत्र वेगळ्या कारणानं अवघड होतं. अ‍ॅट्रोपिनची मात्रा वाढली की माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. बडबडतो, हवेत हात मारतो, सुया उपटतो. त्या दिवसांत अशा रुग्णांचे हात पलंगाला बांधावे लागत होते. आमच्या शेजाऱ्याच्या बायकोला वाटलं, नवरा वेडा झाला आणि त्याला कैद्यासारखं बांधलं. ती दोऱ्या सोडायला निघाली. रात्रपाळीच्या नर्सनं तिला थांबवलं, रागावली नाही, बाजूला बसून समजावलं : हे औषधानं झालं आहे, औषध कमी होईल तसं उतरेल. सलाईन निघालं तर पुन्हा घरघर लागेल. मग वहिनींनी दोऱ्या सोडल्या नाहीत, उलट स्वतःच त्याचा हात धरून बसल्या.

नर्सचं नाव कोणाला आठवेना. पण नोकरदाराला दिलेलं पत्र त्याच्या साहेबाच्या हाती पडलं तर त्याला अर्थ असतो, म्हणून आम्ही वॉर्ड, तारीख आणि ‘रात्रपाळी’ एवढं वर लिहिलं. ड्यूटी लावणाऱ्याला तेवढ्यावरून माणूस सापडतो. खाली ‘प्रत माहितीस्तव : मा. अधिष्ठाता’. मजकुरात ‘सौजन्यपूर्ण वागणूक’ हे शब्द टाळले. सरकारी टेबलावर ते रोज येतात आणि फायलीत झोपतात. ‘पत्नी दोऱ्या सोडत असताना सिस्टरांनी कारण समजावून सांगितले, त्यामुळे रात्रभर सलाईन चालू राहिले’ हे वाचून पुढच्या पाळीच्या नर्सलाही कळतं, नातेवाइकांना नेमकं काय सांगायचं.

याच्या अगदी उलट एक पत्र आम्ही कोणालाच पाठवलं नाही. एका ठिकाणच्या कर्मचाऱ्यानं नियमापलीकडे जाऊन एक सवलत दिली होती. तिचा फार उपयोग झाला. पण तपशिलानं लिहून वर प्रत धाडली असती, तर त्याच्या हाती आमच्या आभाराबरोबर कारणे दाखवा नोटीस पडली असती. काय केलं ते नेमकं सांगणं म्हणजे पुरावा देणंही असतं, हे सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मुलगा त्याला घरी जाऊन भेटला, तोंडी सगळं बोलला आणि चहा पिऊन आला.

राहिला गाडीवाला. त्यानं पैसे घेतले नव्हते, डिझेलचेसुद्धा. मुलाच्या मते पत्रात हेच पहिलं यायला हवं. पत्र दाखवायला आम्ही त्याच्या घरी गेलो. वाचलं आणि त्यानं हात जोडले. “गुरुजी, पैशाचं खोडा. उद्या साऱ्या गावाची गाडी फुकट होईन माह्यी.”

“मग काय लिहू?”

तो जरा विचार करून म्हणाला, “त्याले कुशीवर निजवलं होतं, ते लिहा. उताणा राह्यला असता तं उलटी छातीत गेली असती. माह्या भावाचं तसंच झालं होतं.”

त्याच्या भावाचं काय झालं, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मुलानं पैशाची ओळ खोडली, तिथे कुशीवर निजवल्याचं लिहिलं आणि पेन माझ्या हातात न देता स्वतःच खाली सही केली.