नाव घेतलं!

रेशनच्या फॉर्मसाठी नवऱ्याचं नाव विचारलं की अम्मी मला पुढे करायची. तिच्यासाठी अब्बा म्हणजे फक्त ‘अजी सुनो’.

मी शिरूरची, सासर दौंडचं. उंबरठ्यावर नणंदांनी वाट अडवली, ‘नाव घे!’

‘घोडनदीची पोर मी, आले भीमेच्या काठी,
सलीम स्टेशनवर फिरतात फुकट चहासाठी.’

यमक ओळींच्या शेवटी, काठी आणि साठी. चिमटा दुसऱ्या ओळीत. नावावर यमक नसतं, म्हणून सलीमच्या जागी कुणाचंही नाव बसतं.

वलीम्याला बायकांनी अम्मीलाच धरलं. पदर सावरत तिनं माझाच उखाणा घेतला, सलीमच्या जागी अब्बांचं नाव घालून. तिच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं. अब्बा लाजले. उखाण्यात घेतलेल्या नावाला बेअदबी कोण म्हणणार?