आमचा ३७ वर्षांचा फ्रीज

मंडळी, आज राजकारण नाही. आज आमच्या घरातल्या फ्रीजबद्दल लिहितोय, कारण दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरचे मेसेज पुन्हा सुरू झालेत आणि दादाने पुन्हा विषय काढलाय.

१९८७ साली बाबांनी कल्याणहून टेम्पोत घालून हा फ्रीज उंबरमाळीला आणला. एका दाराचा, १६५ लिटरचा. तेव्हा आळीतला बर्फ आमच्याकडूनच जायचा. २०१९ च्या दिवाळीत दादाने नवा डबल डोअर घेतला आणि जुना पडवीत गेला. आईने त्यात वालाचं बियाणं ठेवलं.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री वाऱ्याने झाड तारांवर पडलं. बल्ब एकदम पांढरे झाले आणि गेले. खांबावरचा न्यूट्रल तुटला की असंच होतं, २३० च्या जागी कितीतरी जास्त व्होल्टेज घरात घुसतं. सकाळी लाइट आली, पण नवा फ्रीज गप्प. खर्डीहून मेकॅनिक आला, म्हणाला, "बोर्ड गेलाय. मागवावा लागेल, पंधरा दिवस धरा."

इथे खरी पंचाईत झाली. आईला इन्सुलिन चालू आहे. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात, आणि तिच्याकडे दोन महिन्यांचा साठा होता. दोन दिवस माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवून काढले. तिसऱ्या दिवशी आईच म्हणाली, "अरे, तो पडवीतला लावून तर बघा."

बियाणं काढलं, पुसला, सरळ उभा करून तासभर तसाच ठेवला आणि प्लग लावला. खट्‌ आवाज झाला आणि तीच जुनी घरघर सुरू! पण आवाज आला म्हणजे थंड झाला असं नाही. मधल्या फळीवर पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवला. सकाळी ११ अंश. इन्सुलिनला चालणार नाही.

मेकॅनिकने दारात दहाची नोट धरली, दार लावलं आणि नोट ओढली. अलगद बाहेर आली. दाराचं रबर कडक झालेलं, थंडी तिथून गळत होती. नवं रबर बसवलं, थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्या सकाळी ग्लासात ५ अंश. बाटल्या मधल्या फळीवर ठेवल्या, फ्रीजरखालच्या ट्रेमध्ये नाही. तिथे पाणी गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं, वितळलं तरी.

मी कौतुकाने म्हटलं, जुनं ते सोनं. मेकॅनिक हसला. "भाऊ, हा त्या रात्री लावलेला असता तर यालाही झटका बसला असता. फरक एवढाच की याच्यात बोर्ड नाही. रिले, ओव्हरलोड आणि थर्मोस्टॅट, तिन्ही माझ्या पिशवीत असतात. आणि याच्याबरोबरचे जे बिघडले ते कधीच भंगारात गेले. उरलेला एकच तुम्ही बघताय." पटलं मला. तेव्हापासून स्टॅबिलायझर लावलाय, तो मात्र नवा.

आता दादाचा मुद्दा, वीज. तोही खोटा नाही. एका दिवशी घरातलं बाकी सगळं बंद ठेवून मीटर बघितला. २४ तासांत दीड युनिट. आजचा याच आकाराचा साधा फ्रीज साधारण अर्ध्या युनिटात भागवतो. म्हणजे रोज एक युनिट जास्त, वर्षाला ३६५. हिशेबाने दादा जिंकतो.

पण याच्या पोटात जुना आर-१२ गॅस आहे. ओझोनच्या थराला भोक पाडणारा, २०१० पासून आपल्याकडे बनवणं बंद. फ्रीज चालू आहे तोवर तो नळीत बंद आहे. भंगारवाला तांब्यासाठी कटरने नळी कापतो, आणि दीडएकशे ग्रॅम गॅस फुस्स करून हवेत. तेवढ्याचा तापमानवाढीवरचा परिणाम टनभर कार्बन डायऑक्साइडपेक्षा जास्त. म्हणून मी दादाला सांगितलंय, देऊ, पण गॅस काढून घेणारा रीतसर ई-कचरा केंद्रवाला मिळाला तरच. दुकानदाराला विचारलं, "तुम्ही जुने कुठे पाठवता?" तो म्हणाला, "जातात कुठेतरी."

दुरुस्त झालेला डबल डोअर दादाने टिटवाळ्याला त्याच्या घरी नेला. आमचा इथेच. नळीच्या जोडाला तेलकट डाग दिसला किंवा कॉम्प्रेसर न थांबता चालू लागला, की गॅस गळतोय असं समजायचं आणि तो शेवट. दर महिन्याला मी टॉर्च मारून बघतो. वहिनी एकदा सुरीने फ्रीजरमधला बर्फ खरवडायला निघाली होती, आई केवढ्यांदा ओरडली! पत्र्याला टोक लागलं असतं तर त्याच दिवशी खेळ संपला असता.

आत्ता हे लिहितोय तेव्हा आईने डिफ्रॉस्टचं बटण दाबलंय आणि इन्सुलिन थर्मासमध्ये ठेवलंय. खाली परात लावलीय. टप टप चालू आहे.