डबीची मागची बाजू वाचूया

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, आज धडा पुस्तकातला नाही, औषधाच्या डबीवरचा आहे. आणि त्यात आधी नापास झाले ती मीच!

गेल्या पावसाळ्यात सासूबाई अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या, मनगट मोडलं. प्लास्टर काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम द्या." चिठ्ठी घरी राहिली आणि मी खोपोलीच्या बाजारपेठेतून आपल्या मनानेच डबी आणली. पुढे ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ, चौपट शोषण'. मला वाटलं, सांगितल्याच्या दुप्पट मिळतंय, चांगलंच आहे की! रोज दोन गोळ्या सुरू केल्या.

दोन महिन्यांनी तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी डबी उलटी करून माझ्याच हातात दिली. म्हणाले, "बाई, मागचं वाचा."

मागे बारीक अक्षरांत होतं : एक मात्रा म्हणजे २ गोळ्या. म्हणजे ते १००० दोन गोळ्यांचे मिळून, आणि तेही सायट्रेटचे. सायट्रेट हा क्षार आहे. त्याच्या वजनात निव्वळ कॅल्शियम साधारण २१ टक्केच असतं. हिशेब करा : १००० चे २१ टक्के म्हणजे २१०. सासूबाईंना ५०० ऐवजी रोज २१० च मिळत होतं!

कॅल्शियम कार्बोनेटमध्ये हे प्रमाण ४० टक्के असतं. म्हणून १२५० मिग्रॅ कार्बोनेटच्या एका गोळीत ५०० मिग्रॅ निव्वळ कॅल्शियम भरतं. लेबलवर 'एलिमेंटल कॅल्शियम' हे शब्द शोधायचे, त्यापुढचा आकडा खरा.

मग सायट्रेट वाईट का? तसं नाही. कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचं. सायट्रेट रिकाम्या पोटीही चालतं आणि पित्ताची गोळी रोज घेणाऱ्यांना ते बरं पडतं. पण त्याने शोषण 'चौपट' होत नाही. सासूबाईंना पित्ताची गोळी नव्हती, म्हणून डॉक्टरांनी कार्बोनेटच दिलं, रात्रीच्या जेवणाबरोबर. लोहाची गोळी मात्र सकाळी, कारण कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. मुतखडा झालेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरूच करू नका.

आणखी एक. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं, तो नियमच आहे. पुढे 'हाडं पोलादी' आणि मागे हे वाक्य! दोन्ही वाचा आणि कुणावर विश्वास ठेवायचा ते ठरवा.

परवा चौथीच्या वर्गात रिकामी डबी नेली. "एका गोळीत किती?" असं विचारलं. निम्मा वर्ग '१०००' ओरडला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, डबी उलटी केली आणि म्हणाली, "बाई, इथं दोन गोळ्या लिहिलंय."

मी दोन महिन्यांत जे पाहिलं नाही, ते तिने अर्ध्या मिनिटात पाहिलं.