काउंट नॉर्मल, तरी रक्त थांबेना

डेंग्यूच्या दिवसांत आमच्या लॅबच्या काउंटरवर नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो, "काउंट किती आला?" पपईच्या पानांचा रस पाजून झालेला असतो. आकडा लाखाच्या वर सरकला की घरच्यांचे चेहरे खुलतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण पॅथॉलॉजिस्ट असून मीही बराच काळ जवळपास तसाच विचार करत आलो. प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाखांच्या दरम्यान आहेत आणि बीटी-सीटी नॉर्मल आहे, म्हणजे रक्तात दोष नाही. तरीही ऑपरेशननंतर रक्त गेलं, तर कारण टाक्यात शोधा, असं माझं मत होतं. सर्जन मित्रांशी त्यावरून वादही घालायचो. ते मत आता माझं राहिलेलं नाही. ते का बदललं, हे एका मुलीच्या दाढेवरून सांगता येईल.

एकोणीस-वीस वर्षांची कॉलेजची मुलगी. अक्कलदाढ काढल्यावर रात्रभर जखमेतून रक्त झिरपत राहिलं. भळाभळा नाही, पण थुंकी सतत लाल, उशीचा अभ्रा लाल. सकाळी डेंटिस्टने टाके घातले, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेलं गॉज दाबून धरायला लावलं आणि दुपारपर्यंत रक्त थांबलं. मग तिला माझ्याकडे पाठवलं. प्लेटलेट्स 2 लाख 80 हजार, ब्लीडिंग टाइम साडेतीन मिनिटं, क्लॉटिंग टाइम ठीक, पीटी आणि एपीटीटी ठीक. स्मिअरमध्ये प्लेटलेट्सचा आकारही नेहमीचाच. फक्त हिमोग्लोबिन 9.4 होतं, पण आपल्याकडे त्या वयाच्या मुलींमध्ये 9.4 पाहून कोण दचकतं? रिपोर्टवर सही करून मी तिच्या काकांना म्हणालो, "रक्तात काही नाही."

काकांबरोबर काकूही होत्या. त्या उठता उठता म्हणाल्या, "डॉक्टर, हिची पाळी आली की चार-चार दिवस कॉलेज बुडतं. रात्री दोनदा उठून पॅड बदलते. हिच्या आईचंही असंच होतं, म्हणून अडतिसाव्या वर्षीच पिशवी काढली."

हे वाक्य मी पूर्वीही अनेकींच्या तोंडून ऐकलं असणार. फरक एवढाच की या वेळी ते ऐकलं तेव्हा समोर दाढेची ताजी जखम होती.

प्लेटलेट रक्त थांबवते म्हणजे नेमकं काय करते, हे इथे सांगायला हवं. रक्तवाहिनीला चीर पडली की तिच्या भिंतीतलं कोलाजेन उघडं पडतं. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाच्या प्रथिनाच्या आधाराने पहिल्या प्लेटलेट्स तिथे चिकटतात. चिकटलेली प्लेटलेट मग दोन कामं करते. पोटातल्या कणांमध्ये साठवलेलं एडीपी आणि इतर द्रव्यं बाहेर टाकते, आणि थ्रॉम्बोक्सेन नावाचं रसायन ताजं तयार करते. ही दोन्ही आजूबाजूच्या प्लेटलेट्सना दिलेली हाक असते. ती ऐकून आलेल्या प्लेटलेट्स फायब्रिनोजेनच्या दोऱ्यांनी एकमेकींना बांधल्या जातात आणि बूच तयार होतं. यातली कुठलीही पायरी निसटली तरी रक्त झिरपत राहतं. काउंटचं मशीन मात्र फक्त हजेरी घेतं. हजर असलेल्यांपैकी काम कोण करतंय, हे हजेरीपटावरून कळत नाही.

दोषाच्या टोकाला ग्लान्झमान नावाचा आजार आहे. स्विस बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी 1918 साली त्याचं वर्णन केलं. यात काउंट नॉर्मल, आकार नॉर्मल, पण फायब्रिनोजेन पकडणारा रिसेप्टरच नसतो किंवा काम करत नाही, त्यामुळे प्लेटलेट्स एकमेकींना बांधल्या जात नाहीत. जवळच्या नात्यात लग्नं होणाऱ्या समाजांत तो जास्त दिसतो. हा आजार सहसा लहानपणीच लक्षात येतो. माझं मत बदललं ते मात्र सौम्य दोषांमुळे. वीस-तीस वर्षं ते कुणाच्या लक्षात येत नाहीत आणि एखाद्या दाढेच्या किंवा बाळंतपणाच्या वेळी डोकं वर काढतात.

मुलीला औषधांबद्दल विचारलं तर म्हणाली, "काहीच घेत नाही." काउंट वगळता बाकी सगळं तपासायला तिला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागलं. प्लेटलेट अ‍ॅग्रिगेशनची तपासणी कुरिअरने करून मिळत नाही. रक्त सायट्रेटच्या नळीत घ्यायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, हिसके द्यायचे नाहीत आणि साधारण चार तासांत चाचणी संपवायची. प्लेटलेट्सनी भरलेला प्लाझ्मा गढूळ असतो, त्यातून प्रकाश कमी जातो. त्यात एकेक उत्तेजक टाकायचा. प्लेटलेट्सच्या गुठळ्या झाल्या की प्लाझ्मा निवळतो, प्रकाश जास्त जातो आणि आलेख वर चढतो. तिच्या चाचणीत अ‍ॅरॅकिडोनिक अ‍ॅसिड टाकल्यावर आलेख जवळपास सपाट राहिला. एडीपीला पहिली लाट आली, दुसरी आलीच नाही. रिस्टोसेटिनला उत्तर ठीक होतं, व्हॉन विलेब्रँडच्या चाचण्याही ठीक.

तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. या वेळी 'औषध' हा शब्द टाळून, "दाढ दुखत होती तेव्हा काय घेतलंस?" आणि उत्तर मिळालं. मेडिकलमधून आणलेली, पाण्यात विरघळणारी डोकेदुखीची गोळी, तीन दिवस. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. घरच्या डब्यात हळदीशेजारी पडलेली वस्तू होती ती.

ती गोळी अ‍ॅस्पिरिनची होती. अ‍ॅस्पिरिन स्वतः रक्तात फार टिकत नाही, वीसेक मिनिटांत निम्मं होतं. पण तेवढ्यात ते प्लेटलेटमधल्या कॉक्स-1 या एन्झाइमला कायमचं निकामी करतं, आणि ते एन्झाइम नसेल तर थ्रॉम्बोक्सेन नाही. इतर पेशी नवं एन्झाइम बनवून घेतात. प्लेटलेटला केंद्रकच नसतं, त्यामुळे तिला ते जमत नाही. ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, थ्रॉम्बोक्सेनविना जगते. दिवसाला साधारण दहा टक्के प्लेटलेट्स नव्या येतात. त्यांचं एन्झाइम शाबूत असतं आणि त्यांनी केलेलं थ्रॉम्बोक्सेन शेजारणींनाही उपयोगी पडतं, म्हणून बहुतेकांचं रक्त थांबणं तीन-चार दिवसांत पुष्कळसं सुधारतं. आयबुप्रोफेनचं तसं नाही. त्याची पकड सुटणारी असते, एका दिवसात परिणाम ओसरतो. हे ज्ञान आधी दवाखान्यातून आलं, प्रयोगशाळेतून नंतर. कॅलिफोर्नियातले लॉरेन्स क्रेव्हन हे साधे फॅमिली डॉक्टर. टॉन्सिल काढलेली मुलं अ‍ॅस्पिरिनचं च्युइंगगम चघळतात तेव्हा त्यांना जास्त रक्तस्राव होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग हेच औषध हृदयातली गुठळी टाळेल का, असा उलटा विचार करून 1950 च्या सुमारास त्यांनी तो छापलाही. कारण उलगडायला जॉन व्हेन यांचं 1971 चं संशोधन यावं लागलं.

तर मुलीचं कारण सापडलं, असं मला वाटलं. अ‍ॅरॅकिडोनिक अ‍ॅसिडला सपाट रेघ ही अ‍ॅस्पिरिनची ओळखच आहे. मुंबईहून फोन आला तेव्हा मी म्हणालो, "चला, सुटलो." पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "पंधरा दिवस गोळी बंद ठेवून परत पाठवा. अ‍ॅस्पिरिन लाखो लोक घेतात. दाढ काढल्यावर त्यातल्या किती जणांची उशी भिजते?"

दुसऱ्या चाचणीत अ‍ॅरॅकिडोनिक अ‍ॅसिडचा आलेख नीट वर गेला. गोळीचा परिणाम संपला होता. पण एडीपीची दुसरी लाट अजूनही नव्हती. पहिली यायची आणि गुठळ्या सुटून आलेख खाली घसरायचा. अ‍ॅड्रेनलिनलाही तेच. प्लेटलेट्समधून बाहेर पडणारं एटीपी मोजलं, ते बरंच कमी भरलं. म्हणजे हाक मारायचं साठवलेलं द्रव्यच अपुरं होतं. डेन्स ग्रॅन्यूल्सचा दोष, स्टोरेज पूल डिफिशियन्सी. एरवी ती थ्रॉम्बोक्सेनच्या जोरावर निभावून नेत होती. गोळीने तोही आधार काढून घेतला आणि दोन्ही हाका एकदम बंद पडल्या.

तिला आता पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड आणि जोडीला लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. दुखलं तर पॅरासिटामॉल. पर्समध्ये निदानाचं कार्ड असतं. मोठ्या ऑपरेशनची वेळ आली तर डेस्मोप्रेसिन किंवा प्लेटलेट्सची तयारी आधी करता येईल. आईची तपासणी अजून झालेली नाही. तिची पिशवी कशासाठी काढली, हे मात्र मला आता कळल्यासारखं वाटतं.

बीटीवरचा माझा विश्वासही याच काळात उडाला. बोटाला किंवा कानाच्या पाळीला टोचायचं, दर अर्ध्या मिनिटाला टिपकागदाने टिपायचं आणि घड्याळ बघायचं. ही पद्धत ड्यूक यांनी 1910 मध्ये मांडली तेव्हा ती मोलाची होती. पण टोचणी किती खोल गेली, हात थंड होता का, टोचणारा कोण, यावर उत्तर बदलतं. ऑपरेशनमध्ये कुणाला रक्तस्राव होईल, हे त्यावरून सांगता येत नाही, हे 1998 मध्ये अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांनी लेख लिहून सांगून टाकलं. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत अजूनही फिटनेसच्या यादीत 'बीटी-सीटी' छापलेलं असतं. साडेतीन मिनिटांनी मला आणि डेंटिस्टला, दोघांनाही निर्धास्त केलं होतं.

या बदलाची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कुणी अर्धवट वाचून नको ते करेल. पूर्वी मी भेटेल त्याला 'दाढ काढायची तर अ‍ॅस्पिरिन आठवडाभर बंद' असं सांगायचो. हृदयात स्टेंट असलेल्यांनाही. आता सांगत नाही. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीव जाऊ शकतो, आणि दाढेतलं रक्त बोळा दाबून, टाका घालून थांबवता येतं. हृदयासाठी चालू असलेली गोळी कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय बंद करू नये. डोकेदुखीसाठी आपणच आणलेल्या गोळीची गोष्ट वेगळी.

आता बीटी-सीटीच्या फॉर्मला मी मागे एक कागद जोडलाय. घोळणा फुटला तर दहा मिनिटांपेक्षा जास्त वाहतं का? मार न लागता अंगावर काळे-निळे डाग उठतात का? पाळीत गुठळ्या जातात का, रात्री उठावं लागतं का? दात काढल्यावर, बाळंतपणात, ऑपरेशनमध्ये काय झालं होतं? घरात आणखी कुणाला? आणि गेल्या दहा दिवसांत दुखण्यासाठी, तापासाठी, सर्दीसाठी मेडिकलमधून काय आणलं? शेवटच्या प्रश्नाला माझी टेक्निशियन गोळीचं पाकीटच दाखवायला सांगते. उत्तरांत दोन-तीन 'हो' आले तर काउंट कितीही चांगला असो, मी सर्जनला फोन करतो. काही जण ऐकतात. एक जण म्हणाले, "साहेब, तुम्ही आपला बीटी-सीटी द्या, इतिहास आम्ही बघतो." मी बीटी-सीटी दिला, पैसेही घेतले, आणि तो कागद रिपोर्टला टाचून पाठवला.